पावत्या जास्त, बँकेत कमी: ऑडिटरच्या एका पानाची गोष्ट

मागच्या वेळी आपण गटाच्या पासबुकातल्या नोंदी कशा वाचायच्या ते पाहिलं. त्यानंतर दोघीतिघींचे फोन आले. गटाचं समजलं, पण आम्हाला गावातल्या संस्थेत, देवस्थानात विश्वस्त म्हणून घेतलंय, तिथले कागद समोर आले की सही कुठं करायची एवढंच कळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आज गटाबाहेरची एक गोष्ट सांगते. गावाचं नि माणसांची नावं सांगणार नाही, कारण त्यातले सगळे इथंच, आपल्यातच राहतात.

आपला जिल्हा आता अहिल्यानगर झाला, बोलताना मात्र अजून नगरच तोंडात येतं. तर आपल्या पूर्वेकडच्या पाथर्डी, शेवगाव भागातली माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात नि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मागं राहिलेल्या मुलींसाठी तिकडच्या एका गावात लोकांनी ट्रस्ट काढून लहानसं वसतिगृह चालवलंय. आमच्या गटातल्या एक काकू तिथं विश्वस्त आहेत. देणग्यांच्या पावत्या फाडायला नि रोजकीर्द लिहायला एक मुलगी आहे. ती स्वतः याच वसतिगृहात राहून बारावी झालेली, आईवडील अजून कोयत्यावर जातात.

2024 चा जून संपता संपता काकू माझ्याकडं आल्या. बसल्यावर पाणीही घेतलं नाही. म्हणाल्या, "बाई, आमच्या पोरीवर बालंट आलंय." झालं होतं असं, की खजिनदारांनी वर्षभराच्या सगळ्या पावत्यांच्या स्थळप्रतींची बेरीज मारली. ती आली 3,84,650 रुपये. मग बँकेच्या स्टेटमेंटमधून व्याज वगैरे सोडून देणगीचा भरणा काढला. तो आला 3,12,650. फरक बरोबर बहात्तर हजार. बैठकीत आकडा वाचला गेला आणि सगळ्यांच्या माना त्या मुलीकडं वळल्या. पावत्या कोण फाडतं? ती. पैसे बँकेत कोण नेतं? ती. मग बहात्तर हजार कुठं गेले? सोमवारपासून येऊ नकोस, असं तिला सांगितलं गेलं. लेखी काही नाही, नुसतं तोंडी.

काकूंनी एक शहाणपण केलं. त्या म्हणाल्या, ऑडिट चालूच आहे, ऑडिटर मॅडमना विचारू आणि मगच काय ते ठरवू. त्यांनी नगरला फोन लावला. मॅडमनी पावतीपुस्तकं, रोजकीर्द, बँकेचं स्टेटमेंट आणि भरणा स्लिपांची फाईल मागवून घेतली आणि पंधरा दिवसांनी एक पान पाठवलं. ते पान घेऊन काकू परत माझ्याकडं. "वाचलं, पण डोक्यात शिरंना. तू वाच आणि मला सांग, पोरीनं घेतले का नाही."

ते पान मी काकूंच्या परवानगीनं तुम्हाला वाचून दाखवते. सावकाश ऐका.

"मा. विश्वस्त महोदया, स. न. वि. वि.

देणगी पावत्या आणि बँकेतील भरणा यांत 72,000 रुपयांचा फरक का आहे, असे आपण विचारले होते. पावतीवरून रोजकीर्द आणि रोजकीर्दीवरून बँक, अशा क्रमाने प्रत्येक नोंद तपासली. त्यावरून:

1. गहू आणि ब्लँकेट मिळाल्याच्या दोन पावत्या किंमत लिहून 25,000 रुपयांच्या फाडल्या आहेत. या वस्तू आहेत, त्या बँकेत जमा होणार नाहीत.

2. 30 मार्च रोजी मिळालेला 11,000 रुपयांचा चेक 2 एप्रिल रोजी बँकेत भरला. तो पुढील वर्षाच्या स्टेटमेंटमध्ये आहे.

3. रोख देणगीपैकी 37,650 रुपये बँकेत न भरता थेट खर्च केले आहेत. जमा आणि खर्च दोन्ही रोजकीर्दीत त्या त्या तारखेला लिहिलेले आहेत. यापैकी 31,150 रुपयांची बिले आहेत. 6,500 रुपयांच्या फक्त चिठ्ठ्या आहेत.

4. पुस्तक क्र. 14 मधील तीन पावत्यांचे 7,800 रुपये रोजकीर्दीतही नाहीत आणि बँकेतही नाहीत.

वरील चारही मिळून 81,450 रुपये होतात. मात्र मोबाईलवरून थेट खात्यात आलेल्या 9,450 रुपयांच्या पावत्याच फाडलेल्या नाहीत. ते वजा जाता 72,000 रुपयांचा फरक राहतो.

याशिवाय एक न वटलेला 5,000 रुपयांचा चेक दोन्ही बेरजांत धरला गेला आहे. त्याने फरक पडत नाही, पण दोन्ही आकडे तेवढ्याने चुकीचे आहेत.

अनुक्रमांक 4 वगळता पैसे गहाळ झाल्याचे दिसत नाही. पुस्तक क्र. 14 कोणाकडे होते याची नोंद आपल्या कार्यालयात आहे, ती पाहावी. सदर बाब अहवालात नमूद करावी लागेल. आपली."

एवढंच. खाली सही आणि शिक्का.

आता हे पान आम्ही दोघींनी कसं उलगडलं ते सांगते. वसतिगृहाच्या पडवीत सतरंजी टाकली. एका बाजूला पावतीपुस्तकं, मधे रोजकीर्द, दुसऱ्या बाजूला स्टेटमेंट. खजिनदारांनी पहिलं आणि शेवटचं घेतलं होतं, मधली वही उघडलीच नव्हती. सगळी मेख तिथंच होती. पावती म्हणजे कुणीतरी काहीतरी दिलं याची खूण. बँक म्हणजे खात्यात पैसा आला याची खूण. या दोहोंच्या मधे पैसा कुठं होता, कोणत्या दिवशी आला, कशावर गेला, हे रोजकीर्द सांगते. ती बाजूला ठेवून दोन टोकांच्या नुसत्या बेरजा लावल्या, तर फरक निघणारच. निघाला नसता तर मलाच शंका आली असती.

पहिली बाब सोपी. एका बागायतदारानं सहा क्विंटल गहू दिला होता, पंचवीसशे भावानं पंधरा हजारांचा. नगरच्या एका कुटुंबानं चाळीस ब्लँकेटं दिली, अडीचशेच्या हिशोबानं दहा हजारांची. त्या मुलीनं दोन्हींची पावती नेहमीच्याच पुस्तकात, रुपयांच्या रकान्यात लिहिली. गव्हाच्या पोळ्या झाल्या, ब्लँकेटं मुलींच्या अंगावर आहेत. ते बँकेत कसे दिसतील? वस्तूंसाठी वेगळं पावतीपुस्तक ठेवायचं, त्यात वस्तू आणि नग लिहायचे, आणि माल साठा वहीत उतरवायचा, असं मॅडमनी नंतर फोनवर सांगितलं. अजून एक कारण आहे. ज्या संस्थेला आयकराची 80जी मान्यता असते, तिच्या देणगीदाराला करात सवलत मिळते, पण ती पैशानं दिलेल्या देणगीलाच. गहू दिला त्याला रुपयांची पावती दिली, तर तो भाबडेपणानं ती सवलतीसाठी लावायचा आणि अडचणीत यायचा. पैशातही दोन हजारांच्या वरची रोख देणगी असेल तर ती सवलत मिळत नाही. हे पावती फाडतानाच देणाऱ्याला सांगितलेलं बरं.

दुसरी बाब तारखेची. 2024 साली 31 मार्चला रविवार होता आणि 1 एप्रिलला बँका वार्षिक हिशोबासाठी लोकांना बंद असतात. शनिवारी 30 तारखेला चेक आला, तो मुलीनं मंगळवारी 2 एप्रिलला भरला. यापेक्षा लवकर ती भरणार तरी कशी? पावती या वर्षाची, भरणा पुढच्या वर्षाचा. ताळमेळ घालताना 31 मार्चला हातात असलेले पण बँकेत जमा न झालेले चेक वेगळे दाखवायचे असतात. आणि पुढच्या वर्षीच्या स्टेटमेंटवर ते खरोखर जमा झालेत का, हे बघायचं असतं. आम्ही बघितलं. अकरा हजार दिसले, मग काकूंनी त्या ओळीपुढं बरोबरची खूण केली.

जाता जाता नाण्यांचं सांगते. दानपेटी असलेल्या संस्थांचा भरणा नाण्यांमुळंही अडतो. शिर्डीसारख्या ठिकाणी 2023 साली नाणी ठेवायला जागा नाही, असं काही बँकांनी साईबाबा संस्थानला कळवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथं तसं, तर आपल्या डब्यातल्या चिल्लरचं काय. पण रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की कोणत्याही शाखेनं नाणी नाकारू नयेत, आणि शंभर शंभर नाण्यांच्या प्लॅस्टिक पिशव्या करून नेल्या तर मोजणाऱ्यालाही सोपं जातं. नाणी घरात पडून राहिली तर पावती डिसेंबरची नि भरणा मार्चचा, असा फरक पडत जातो.

आता तिसरी बाब. इथं मात्र आम्ही दोघी बराच वेळ थांबलो, आणि इथं काकूंचं नि माझं थोडं वाजलंही.

काकू म्हणाल्या, "ह्यात काय चुकलं? सकाळी पाहुणा हजार रुपये देऊन गेला, दुपारी गॅस संपला, पोरीनं त्यातून सिलिंडर आणला. पैसा कामाला लागला. आपण गटात काय करतो? बैठकीत बचत गोळा होते नि तिथंच कर्ज देतो. समदा पैसा बँकेत थोडाच जातो?"

मला क्षणभर उत्तर सुचलं नाही, कारण म्हणणं खरं होतं. गटात आपण तसंच करतो, आणि ते चालतंही. मग विचार केला, गटात ते का चालतं? कारण ज्या दहा जणींचा पैसा, त्या दहाही जणी सतरंजीवर बसलेल्या असतात. किती जमले, कुणाला दिले, पेटीत किती उरले, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजलं जातं नि त्याच बैठकीत वहीत चढतं. ट्रस्टमध्ये देणारा पाहुणा पावती घेऊन गाडीत बसून निघून गेलेला असतो. सिलिंडर आणताना तो तिथं नसतो, विश्वस्तही नसतात. त्याचा पैसा आला आणि तोच पैसा गॅसला गेला, याला साक्ष एकट्या त्या मुलीची.

मॅडमनी फोनवर हे फार चांगलं समजावलं. त्या म्हणाल्या, देणगी आली तेवढी पूर्ण बँकेत भरायची, आणि खर्चाला लागतील तेवढे पैसे बँकेतून वेगळे काढायचे. किरकोळ खर्चाला पाच हजार एकदा काढून द्या, बिलं आली की तेवढीच रक्कम परत भरून द्या. त्यानं काय होतं, तर जमेचा रस्ता वेगळा नि खर्चाचा वेगळा राहतो. दोन्ही एकाच डब्यात मिसळले की कुणाचंही बोट कुणाकडंही वळू शकतं. या सदतीस हजारांत त्या मुलीनं प्रत्येक दिवशी जमा नि खर्च दोन्ही लिहिलेलं होतं, म्हणून ती वाचली. साडेसहा हजारांच्या नुसत्या चिठ्ठ्या होत्या, भाजीवाल्याच्या नि रिक्षावाल्याच्या. त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर खजिनदारांचीच सही निघाली. म्हणजे खर्च त्यांच्याच सांगण्यावरून झाला होता. बैठकीत मात्र ते त्यांना आठवलं नव्हतं.

मी विचारलं, मॅडम, एखादीनं आजचे पैसे वापरले आणि उद्याच्या देणगीतून ते भरले, तर वर्षाची बेरीज जुळेलच की. त्या म्हणाल्या, बेरीज जुळेल, तारखा जुळणार नाहीत. म्हणून आम्ही पावतीची तारीख नि भरण्याची तारीख शेजारी शेजारी लिहितो. दर वेळी आठ दहा दिवसांचं अंतर दिसलं तर थांबतो. मग भरणा स्लिपवर बघतो. पावतीवर "चेक" लिहिलंय आणि स्लिपवर रोख पाचशेच्या नोटा, असं दिसलं तर कुठलेतरी दुसरे पैसे आणून भोक बुजवलंय, हे कळतं. या मुलीच्या स्लिपा त्यांनी अशाच तपासल्या होत्या. चेकच्या जागी चेक, रोखीच्या जागी रोख. अंतर दोन ते चार दिवसांचं, आणि बँक तालुक्याच्या गावाला आहे, तिथं ती एस.टी.नं जाते, हे धरलं तर ते ठीकच.

मोबाईलवरून आलेल्या पैशांचं उलटं होतं. वसतिगृहाच्या भिंतीवर क्यूआरचा कागद लावलाय. लोक येतात, स्कॅन करतात, शंभर पाचशे टाकतात नि जातात. पैसा सरळ खात्यात. पावती कुणी मागितली नाही, म्हणून फाडलीच गेली नाही. असे सतरा भरणे मिळून 9,450. याचा परिणाम बघा कसा होतो. बँकेत जास्त दिसलेले हे पैसे पावत्यांमधली उणीव झाकतात. ते नसते तर फरक बहात्तर नाही, एक्क्याऐंशी हजारांच्या वर दिसला असता. नुसत्या बेरजा बघितल्या तर अशा पैशांमागं पुस्तक क्रमांक 14 सारखी गडबड झाकून जाऊ शकते. न वटलेल्या चेकचंही तसंच. पाच हजारांची पावती फाडली, चेक जमा दिसला, तिसऱ्या दिवशी परत गेला. खजिनदारांनी जमेची ओळ धरली, परतीची ओळ सोडली. दोन्हीकडं पाच हजार, म्हणून फरक शून्य. पण संस्थेला पाच हजार मिळालेलेच नाहीत. 80जीवाल्या संस्थेला देणगीदारांची यादी दर वर्षी 31 मेपर्यंत आयकर खात्याला फॉर्म 10बीडीमध्ये भरावी लागते, उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क लागतं. तिथं या पाच हजारांचं नाव गेलं असतं, तर न दिलेल्या देणगीवर कुणीतरी कर वाचवला असता.

क्यूआरवरून आठवलं. स्कॅन केल्यावर मोबाईलवर जे नाव येतं ते संस्थेचं आहे का एखाद्या माणसाचं, एवढं वाचूनच पैसे टाका. आपल्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरच्या नावानं बनावट अॅप काढून भाविकांकडून पूजेचे, देणगीचे पैसे घेतल्याचं प्रकरण 2025 मध्ये गाजलं, विधानसभेपर्यंत गेलं. असा पैसा संस्थेच्या पावतीतही येत नाही नि संस्थेच्या बँकेतही येत नाही. मग तिथं फरक काढून काही सापडत नाही.

आणि हीच या सगळ्या जुळवणीची हद्द आहे. मॅडम म्हणाल्या, पावती नि बँक जुळली म्हणून पैसा गेलाच नाही, असं मी कधी लिहून देत नाही. जो पैसा घेतला पण पावतीच फाडली नाही, तो या दोन्हींत कुठंच नसतो. त्यासाठी दुसरे उपाय लागतात. दानपेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडं, आणि उघडताना तीन जणांसमोर मोजून पंचनामा. छापखान्यातून किती पावतीपुस्तकं आली, कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, याची नोंदवही. रद्द झालेल्या पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच पाहिजेत. एक प्रत गायब असेल नि दुसरीवर "रद्द" लिहिलं असेल, तर ती पावती कुणाच्या तरी हातात गेली, असं समजायचं.

आता पुस्तक क्रमांक 14. आम्ही ते उघडलं. पहिल्या तीन पावत्या फाडलेल्या, 5,100, 1,600 आणि 1,100. बाकी पुस्तक कोरं. अक्षर त्या मुलीचं नव्हतं. तिचं अक्षर बारीक, डावीकडं झुकलेलं. हे मोठं, ठसठशीत, आणि सही तर वाचताच येत नव्हती. देणारे तिघंही पुण्याचे.

मग काकूंनी मुलीला घरी निरोप धाडला. ती आली, दारातच उभी राहिली, आत येईना. काकूंनी तिला हाताला धरून बसवलं. मी विचारलं, हे पुस्तक कुणाला दिलं होतंस? ती काही न बोलता कपाटाकडं गेली आणि एक शाळेची दोनशे पानी वही काढली. तिच्यावर तिनं रकाने पाडलेले. पुस्तक क्रमांक, कुणाला दिले, तारीख, सही, परत आले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वसतिगृहात असताना ग्रंथालयाच्या वहीत पुस्तकं अशीच लिहीत, म्हणून तिनं केलं, म्हणाली. 14 च्या पुढं 9 डिसेंबर 2023 तारीख, कार्यकारिणीतल्या एका सदस्याची सही. परतीची तारीख मार्चअखेरची. हे सदस्य पुण्याला नातेवाइकांकडं गेले होते, तिथं देणगी मिळेल म्हणून पुस्तक घेऊन गेले होते. परत दिलं ते कपाटात ठेवून गेले. पैसे दिले नाहीत, आणि तिला वाटलं, पुस्तक वापरलंच नाही. कोरी पानं वर दिसत होती ना. तिनं उघडून बघायला हवं होतं, हे तिनं स्वतःच कबूल केलं. चूक तेवढीच.

काकूंनी पावतीवरच्या एका नंबरला फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, हो, एकावन्नशे दिले होते, रोख, पावती माझ्याकडं आहे, फोटो पाठवू का? त्यांनी फोटो पाठवला. स्थळप्रतीवर नि त्यांच्याकडच्या पावतीवर रक्कम एकच. हे बघणं गरजेचं असतं. वर एकावन्नशे नि स्थळप्रतीवर पाचशे, असंही लोक करतात. म्हणून कार्बन घालून एकाच वेळी दोन्ही प्रती लिहायच्या.

पुढच्या बैठकीला मी गेले नाही, माझा काही संबंध नव्हता. काकूंनी सांगितलं ते असं. त्यांनी पान वाचलं. चौथ्या बाबीला आल्यावर ती वही उघडून मधे ठेवली. ते सदस्य म्हणाले, अहो, राहून गेले, गाडीच्या कप्प्यात आहेत बहुतेक. दुसऱ्या दिवशी 7,800 रुपये बँकेत भरले गेले. खजिनदार म्हणाले, पैसे आले, आता विषय संपवू, मॅडमना सांगू की अहवालातून तेवढं काढा. मॅडमनी नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं, सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली माझा अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. त्यात रोख शिल्लक वहीशी जुळते का, जमाखर्च बरोबर दाखवलाय का, असे प्रश्न छापलेलेच असतात. 31 मार्चला हे पैसे संस्थेकडं नव्हते, ही गोष्ट जुलैमध्ये पैसे भरून बदलत नाही. अहवालात मी दोन्ही लिहीन, पैसे नव्हते हेही आणि नंतर अमुक तारखेला भरले हेही. काकूंना हे थोडं कडक वाटलं. मला नाही वाटलं. त्या मुलीचं नाव तोंडी काढलं गेलं होतं, निदान हिशोब तरी लेखी राहू दे.

मुलीला परत बोलावलं. ती म्हणाली, येईन, पण मला येऊ नको म्हणून सांगितलं होतं आणि त्यात माझी चूक निघाली नाही, असं प्रोसिडिंगमध्ये लिहा. दोघे जण कुरकुरले. काकू म्हणाल्या, लिहा, मी सही करते. लिहिलं.

तिच्या जागी कुणाला ठेवलं नव्हतं, म्हणून तीन आठवड्यांची रोजकीर्द कोरीच होती. ती तिनं स्लिपांवरून नि बिलांवरून भरून काढली. आता ती प्रत्येक भरणा स्लिपच्या मागं पेन्सिलीनं पावत्यांचे क्रमांक लिहिते, म्हणजे कोणती पावती कोणत्या दिवशी बँकेत गेली ते शोधावं लागत नाही. मोबाईलवर आलेल्या पैशांची यादी दर शनिवारी बँकेच्या स्टेटमेंटवरून काढते आणि ज्यांचं नाव नंबर कळतो त्यांची पावती फाडते. नाव कळलं नाही तर पावतीवर "खात्यावर थेट जमा" असं तारखेसह लिहून त्याची स्थळप्रत पुस्तकात ठेवते. काकू महिन्याच्या पहिल्या सोमवारी जातात, वही, पावत्या नि स्टेटमेंट घेऊन पडवीत बसतात आणि एकेका ओळीपुढं लाल पेननं खूण करतात. चष्मा विसरला तर मुलीच वाचून दाखवतात. मागच्या महिन्यात त्यांना चाळीस रुपयांचा फरक सापडला. दुपारभर शोधला. बँकेनं एसेमेसचे पैसे कापले होते.